हवापाणी : किल्ल्यावर ऊन, बाड्यावर धूर

‘वर उबदार हवेचा थर आहे’ असं हिवाळ्यात छापून आलं की लष्करातल्या कट्ट्यांवर थंडी ओसरल्याची चर्चा सुरू होते. तो थर कुठून येत नाही. कालच्या दुपारची तापलेली हवाच ती, वर तशीच राहिलेली. गार झालो ते आपण खालचे.

डिसेंबरअखेर ग्वाल्हेरची रात्र साडेतेरा तासांची. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, निवते आणि तिला लागून असलेली हवाही निवते. दोनशे-तीनशे मीटरवर मात्र ऊब टिकून असते.

आता हिशोब करून पाहा. समजा, बाड्यावर 7 अंश आहेत आणि 200 मीटर वर 12. चौकातल्या शेकोटीचा धूर तापलेला निघतो, पण भोवतालची गार हवा ओढून घेत दोनचार मजल्यांत निवतो. वर चढणारी हवा पसरते आणि दर शंभर मीटरला साधारण एक अंश गार होते. म्हणजे ही 7 अंशांची हवा तिथवर ढकलली तरी पोहोचेल 5 अंशांवर, आणि शेजारी 12. ती जड ठरणार, परत खालीच येणार. म्हणून धूर थोडा सरळ चढतो आणि मग आडवा पसरतो. ओळखायची खूण हीच.

किल्ल्याची टेकडी शहरापेक्षा सुमारे शंभर मीटर उंच. धुकं उथळ असलं तर वर लख्ख ऊन आणि खाली दिवे लावलेल्या रिक्षा. धुकं जाड झालं की त्याचा वरचा पृष्ठभागच उष्णता सोडू लागतो आणि उबदार थराचं झाकण त्याच्याही वर सरकतं. मग किल्लाही बुडतो. ऊन धुक्यावरून परतत राहिलं तर दुपारपर्यंत सुटका नाही.

सूर्य वर आला म्हणजे हवा लगेच सुधारली असं नाही. जमीन तापते, खालून हवा ढवळली जाते आणि रात्री वर तरंगत राहिलेला धूर आधी खाली येतो. आठ-नऊला फिरायला निघणारे नेमके त्यात सापडतात. (डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून!)

दुपारी धूर किलोमीटरभर उंचीत मिसळत असेल आणि रात्री शंभर मीटरांत, तर तेवढाच कचरा रात्री जाळल्यावर धूर दसपट दाट होतो. कचरा जाळणं केव्हाही वाईटच, पण पथकं फिरवायची तर संध्याकाळी सहानंतर फिरवा. आपल्याकडे कारवाई होते ती भर दुपारी. हवेचा निर्देशांकही चोवीस तासांची सरासरी सांगतो. त्यात सकाळचे हे दोन तास विरघळून जातात. फुगा सोडून वरच्या हवेचं तापमान मोजणाऱ्या हवामान खात्याच्या केंद्रांत ग्वाल्हेरही आहे. त्या मोजणीतून झाकण किती उंचीवर आहे ते कळतं. निर्देशांकाशेजारी तेवढा एक आकडा रोज छापायला हरकत कुणाची?

– लष्करवासी