गोषवाऱ्यातून गळलेला ‘आणि’

आकड्यांच्या बांधावरून / वऱ्हाडकर

दर्यापूरकडचा एक मित्र दिवाळीच्या आसपास हमखास फोन करतो. यंदाही केला. “भाऊ, तालुक्याची पैसेवारी सत्तेचाळीस आली म्हणते. म्हणजे आपलं गाव आत हाये ना?” त्याच्या हाती एक पानाचा गोषवारा होता, कुणीतरी मोबाइलवर धाडलेला. वर ठळक अक्षरात एक आकडा, खाली चार ओळी. मी त्याला विचारलं, गावाची यादी सोबत आहे का? नव्हती. मग ‘आत’ की ‘भायेर’ हे त्या पानावरून सांगताच येत नव्हतं.

का येत नाही, ते जुळवाजुळव केलेल्या चार गावांवर पाहू. समजा पैसेवारी ४१, ४३, ४६ आणि ५८ आहे. बेरीज १८८, सरासरी ४७. गोषवारा म्हणतो, तालुका पन्नासच्या आत. पण ५८ पैशांचं गाव आत नाही. आता दुसरा तालुका घ्या: ४५, ४६, ५४, ५९. सरासरी ५१. गोषवारा म्हणतो, तालुका बाहेर. आणि ४५-४६ ची दोन गावं त्या वाक्याखाली गाडली जातात. दोन्ही ठिकाणी बेरीज अचूक, भागाकार अचूक. पैसेवारी गावनिहाय ठरते, आणि गोषवाऱ्याने ती तालुक्याची करून टाकलेली असते. म्हणून मी पहिल्यांदा सरासरीवर काट मारतो आणि एवढंच मोजतो, की पन्नासखालची गावं किती आणि वरची किती. ती बेरीज तालुक्याच्या एकूण गावांशी जुळली पाहिजे. नाही जुळली, तर काही गावं गोषवाऱ्यात आलेलीच नाहीत.

दुसरा घोळ शब्दाचा. पैसेवारी म्हणजे यंदाचं हेक्टरी उत्पन्न ठरवून दिलेल्या प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत शंभरात किती भरलं, तो आकडा. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात, आणि सोळा आण्यांचा रुपया डोळ्यांपुढे असला की अर्थ चुकत नाही: रुपयात किती पैसे हाती आले. ‘४६ पैसे’चं ‘४६ टक्के नुकसान’ झालं की अर्थ उलटाच होतो. ४६ पैसे म्हणजे प्रमाणाच्या तुलनेत ५४ ने कमी. एकदा तर ‘पैसेवारी घसरल्याने दिलासा’ असं वाचलं होतं. सवलतीच्या नजरेनं खरंही असेल, पण पिकाच्या नजरेनं ती वाईट बातमी होती.

शिवाय पैसेवारी एका वर्षात तीनदा येते. आपल्याकडे खरिपाची नजरअंदाज ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला. सप्टेंबरात उभ्या सोयाबीनकडे पाहून लावलेला अंदाज आणि डिसेंबरात कपाशीची वेचणी बरीच उरकल्यावरचा आकडा एकच कसा असेल? गोषवाऱ्यात विशेषण गळलं की सप्टेंबरचा आकडा जानेवारीतही फिरत राहतो. मित्राच्या पानावर तारीखच नव्हती. ‘५० पैशांपेक्षा कमी’ आणि ‘५० पैशांपर्यंत’ यांतला फरक तर बरोबर पन्नासवर अडकलेल्या गावाला विचारावा. आखूड करणाऱ्याला हे दोन्ही एकच वाटतं.

मित्राच्या पानावर पुढे होतं: “पन्नासच्या आत, म्हणून दुष्काळ जाहीर.” ही साखळीच आता तशी राहिलेली नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, पेरणीचं क्षेत्र, वनस्पती निर्देशांक, जमिनीतला ओलावा असे निर्देशांक बघून दुष्काळ ठरतो, आणि राज्याने २०१७ साली तसा निर्णय काढला. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात १५१ तालुके जाहीर झाले. त्यांत ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. कुठे नुसतं ११२ दिसलं, की समजावं, ‘गंभीर’ हा शब्द गळाला आणि ३९ तालुकेही सोबत गेले.

यापेक्षा बारकाईने पाहण्यासारखा नमुना २०२३ चा आहे. ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्या विभागातले बुलढाणा आणि लोणार त्यांत होते. नंतर १० नोव्हेंबरला १०२१ महसूल मंडळांची यादी आली. ती दुष्काळाची नव्हती, ‘दुष्काळसदृश’ परिस्थितीची होती. ‘सदृश’ हा तीन अक्षरांचा शब्द गाळला की शेतकरी दुष्काळाच्या मदतीची वाट पाहत बसतो, आणि मूळ कागद दुसरंच काही देत असतो.

त्या यादीची अट अशी होती: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी, आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरपेक्षा कमी. अनेक संक्षेपांत फक्त पहिला भाग उरतो, कधी ‘आणि’चं ‘किंवा’ होतं. तीन मंडळं कल्पून हिशेब करू. पहिलं अकोल्याकडच्या सपाटीवरचं: सरासरी ७००, यंदा ४८०. टक्केवारी ६९ च्या आत, पाऊस ७५० च्या आत, बसलं. दुसरं मेळघाटातलं: सरासरी १५००, यंदा १०५०. टक्केवारी ७०, पण पाऊस ७५० च्या वर, नाही बसलं. तिसरं पुन्हा सपाटीवरचं: सरासरी ७००, यंदा ६००. पाऊस ७५० च्या आत, टक्केवारी ८५ च्या पुढे, नाही बसलं. ‘किंवा’ लावा, तिन्ही बसतात. पहिलीच अट ठेवा, मेळघाटातलं मंडळ आत येतं. सपाटीवर अनेक ठिकाणची सरासरीच ७५० च्या खाली, त्यामुळे दुसरी अट तिथे कुणाला खटकतच नाही. ती चावते डोंगरावर. गोषवारा सपाटीवरचा माणूस लिहितो, हे इथे दिसतं.

सवलतींच्या यादीत आणखी एक सापळा आहे. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात सूट ३३.५ टक्के. आणि पंचनाम्यात मदतीसाठी पीक नुकसानीची मर्यादा ३३ टक्के. २०१५ पूर्वी ती ५० होती. ही ५० पैसेवारीच्या ५० शी जुळते, आणि ३३ वीजबिलाच्या ३३.५ शी. चारही आकडे एका पानावर आखूड करून ठेवले की नात्यातल्या पोरांसारखे एकमेकांत मिसळतात. मी त्यांच्या पुढे पेन्सिलीनं ज्याचं त्याचं लिहितो: गावाचं उत्पन्न, पंपाचं बिल, शेताचं नुकसान. एखाद्या आकड्यापुढे तसं लिहिता आलं नाही, तर मूळ शासन निर्णय उघडायची वेळ आली. आणि तोही मागून पुढे वाचायचा, म्हणजे आधी मूळ कागदातल्या अटी मोजायच्या, मग गोषवाऱ्यात किती उरल्या ते बघायचं. गोषवारा आधी वाचला की डोळा फक्त त्यातलंच शोधत बसतो, गळलेलं दिसत नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. मित्र शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “ते समजलं. पण आमच्या मंडळाचा पाऊस मोजते कुठं? यंत्र तिकडं, वावर इकडं.” ह्याचं उत्तर ना गोषवाऱ्यात आहे, ना मूळ कागदात. मंडळातल्या गावांची यादी काढून ठेव म्हटलं, रविवारी येतो.