सावित्रीच्या पाण्याचा हिशेब

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रसायन कारखान्यांचे समर्थन करताना असे म्हटले जाते की त्यांनी तालुक्याला रोजगार दिला आहे, नदीचे काही नुकसान होत असेल तर ते संबंधितांनी आपसांत मिटवावे, आणि तरीही कोणी मर्यादा ओलांडलीच तर दंडाची तरतूद आहेच. या तिन्ही विधानांत अर्थशास्त्रीय चूक आहे, आणि तिसऱ्यातील चूक सर्वांत कमी ओळखली जाते.

कामगाराला मिळणारे वेतन हे त्याच्या श्रमाचे मोल असते. नदीच्या वापराचे मोल त्यात कोठेही येत नाही. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून महाडला येणारी सावित्री पुढे खाडी होऊन बाणकोटजवळ समुद्राला मिळते. वसाहतीच्या वरच्या अंगाला असलेल्या पोलादपूरला सांडपाण्याची झळ लागत नाही, ती लागते दासगावपासून खालच्या खाडीकाठाला. व्यवहारात सहभागी नसलेल्यांवर पडणाऱ्या अशा खर्चाला बाह्यता म्हणतात. हा खर्च उत्पादकाच्या वहीत चढत नसल्यामुळे माल त्याच्या खऱ्या सामाजिक खर्चापेक्षा स्वस्त पडतो आणि समाजाच्या हिताहून अधिक प्रमाणात तयार होतो. बाजाराचे अपयश ते हेच.

आपसांतील तडजोडीचा आधार रोनाल्ड कोस यांच्या १९६० च्या लेखात शोधला जातो. परंतु हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च येत नसेल, तरच सौद्याने प्रश्न सुटतो, ही त्या विवेचनातील अट सोयीस्करपणे गाळली जाते. खाडीतील मासा कोणा एकाच्या मालकीचा नाही आणि बाधित गावे अनेक आहेत. शिवाय स्वच्छ पाणी सर्वांनाच मिळणार असल्यामुळे वाटाघाटीचा भार दुसऱ्याने उचलावा असे प्रत्येकाला वाटते. सार्वजनिक वस्तूबाबत उद्भवणारी ही फुकट लाभाची वृत्ती सौदा जुळू देत नाही. नुसता कागदावरचा हक्क पुरत नाही, हे तर महाडइतके कोणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता, तरी चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला.

उरला दंड. आर्थर पिगू यांच्या मते कर प्रदूषणाच्या प्रत्येक वाढीव एककावर, त्या एककाने होणाऱ्या हानीइतका असावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये ठरवलेल्या पर्यावरणीय भरपाईच्या सूत्रात मात्र उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा घटक, उद्योगाचा आकार आणि स्थान यांचा गुणाकार होतो. लाल प्रवर्गातील मोठ्या कारखान्यासाठी ८० गुणिले २५० गुणिले १.५, म्हणजे दिवसाला ३० हजार रुपये होतात. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावी स्थानाचा घटक १ धरला जातो.

आता असा एक कारखाना कल्पावा की जो दररोज १०० घनमीटर सांडपाणी सोडतो. पाण्यातील घाणीचे रासायनिक ऑक्सिडीकरण होण्यास किती प्राणवायू लागेल हे दाखवणारे मोजमाप, ज्याला कारखान्यांत ‘सीओडी’ म्हणतात, लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालते असे धरल्यास परवानगी २५ किलोंची झाली. प्रत्यक्षात ते २,००० असेल तर २०० किलो, म्हणजे १७५ किलो जादा भार जातो आणि दंड किलोमागे सुमारे १७१ रुपये पडतो. तेच १०,००० असेल तर जादा भार ९७५ किलोंचा, दंड मात्र तोच ३० हजारांचा, म्हणजे किलोमागे सुमारे ३१ रुपये. जितकी घाण अधिक तितकी ती स्वस्त! एकदा मर्यादा ओलांडल्यावर पुढच्या किलोला काहीच किंमत राहत नाही. शिवाय दिवसांची मोजणी उल्लंघन आढळल्यापासून होत असल्याने रात्री सोडलेल्या आणि पकडल्या न गेलेल्या पाण्याचा हिशेबच होत नाही.

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हा उपाय योग्यच आहे, कारण छोट्या कारखान्याला स्वतःची संपूर्ण यंत्रणा परवडत नाही. परंतु सभासदांकडून केवळ पाण्याच्या घनफळावर शुल्क घेतले, तर अधिक तीव्र सांडपाणी पाठवणारा आपला खर्च शेजाऱ्यावर ढकलतो, केंद्रातील घाण कुजवणारे जीवाणू मरतात आणि सर्वांचेच पाणी अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडते. बाह्यता वसाहतीच्या आतच जन्म घेते. म्हणून आकारणी किलोने व्हावी, आणि सतत नोंद करणारी मोजयंत्रे केंद्राच्या शेवटच्या नळाबरोबरच प्रत्येक सभासदाच्या नळावरही बसावीत. अशी यंत्रे आणि त्यांची देखभाल महाग पडते हे खरे; तेव्हा प्रारंभ मोठ्या सभासदांपासून करता येईल. पावसाळ्यात तर याला पर्यायच नाही, कारण सावित्री दुथडी वाहत असताना नदीतून घेतलेला नमुना निर्दोष दिसतो, आणि त्याच दिवशी नळातून गेलेला भार मात्र एका किलोनेही कमी झालेला नसतो.