अजिंठा सोमवारी बंद

सुट्टी जवळ आली की कुणाच्या तरी फोनवरून व्लॉग पाहून केलेली यादी येऊन धडकते. या आठवड्यात फिरणारी यादी छत्रपती संभाजीनगरची आहे: शनिवारी बीबी का मकबरा, रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. ही यादी घेऊन जाणारे कुटुंब सुमारे शंभर किलोमीटर प्रवास करून बंद दारापाशी पोहोचणार. व्हिडिओत ते दार उघडे दिसते, कारण व्लॉगर दुसऱ्याच वारी गेलेला असतो!

वेळेची फसगत व्हिडिओ उघडताच सुरू होते. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात सगळ्या ठिकाणांची झलक असते. 0:12 ला कैलास लेणे चमकून जाते आणि यादी करणारा तीच वेळ टिपतो. टिपायची ती वेळ, जिथे पाटी दिसते, तिकीट काढले जाते किंवा ठिकाणाचे नाव उच्चारले जाते.

पण खरी गफलत मिनिटांची आहे. मकबऱ्याला व्हिडिओत पाच मिनिटे मिळतात आणि अजिंठ्याला तीन, म्हणून काही याद्यांत दोन्ही एका दिवसात बसवलेली असतात. मकबरा शहरातच आहे. तासा-दीड तासात निवांत पाहून होतो. अजिंठ्याला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर पडतात. शिवाय फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला गाडी लावून लेण्यांपर्यंत बसने जावे लागते आणि पुढे पायऱ्या चढाव्या लागतात. ही बस आणि बसची रांग संकलनात कापली जाते. पहाटे निघाले तरी दिवस संपतोच.

उलट दौलताबाद आणि वेरूळ व्हिडिओत दहा मिनिटांच्या अंतराने येतात, म्हणून अशा याद्यांत दोन दिवस खातात. प्रत्यक्षात किल्ला वेरूळच्याच रस्त्यावर आहे. त्यांचा क्रमही व्हिडिओवरून ठरवू नये. व्लॉगरचा शर्ट बदलला किंवा सावल्यांची दिशा फिरली की समजावे, दृश्ये मागेपुढे केलेली आहेत. वेरूळच्या लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत, ऊन दुपारनंतर दर्शनी भागावर येते. किल्ल्याचा चढ मात्र सकाळच्या गारव्यातच बरा. म्हणून आधी दौलताबाद, मग वेरूळ, आणि लेण्यांच्या शेजारीच असलेले घृष्णेश्वर जाता जाता.

तेच तीन दिवस ठेवायचे तर शनिवारी अजिंठा, रविवारी दौलताबाद-वेरूळ आणि सोमवारी मकबरा व पाणचक्की. यादीतली तिन्ही ठिकाणे राहिली, आणि वार जागेवर आले.

व्लॉगरलाही ही फसगत टाळता येईल. व्हिडिओखालच्या वर्णनात पहिली नोंद 0:00 ची, किमान तीन टप्पे चढत्या क्रमाने आणि प्रत्येक टप्पा निदान दहा सेकंदांचा, एवढे लिहिले की यूट्यूब व्हिडिओचे भाग पाडून देते. व्लॉगरने प्रत्येक नोंदीच्या ओळीत चित्रीकरणाचा वार आणि पोहोचल्याची वेळ लिहावी. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी व्हिडिओच्या नावात ‘संपूर्ण नियोजन’ हे शब्द घालू नयेत.