बॅटरीवरचा आकडा आणि विमानातली शंभरची रेषा

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीहून दिमापूरला निघालेले विमान अजून जमिनीवरच होते. धावपट्टीकडे जाता जाता एका प्रवाशाच्या समोरच्या आसनाच्या खिशात ठेवलेली पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी आग लगेच विझवली आणि कोणाला इजा झाली नाही. आदल्याच दिवशी हांगझोऊहून सोलकडे जाणाऱ्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातील बॅगेत बॅटरी पेटल्याने विमान शांघायला उतरवावे लागले होते. त्या वर्षाच्या जानेवारीत तर दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेले विमान जळाले. प्रवासी बाहेर पडले म्हणून बचावले. तपास यंत्रणेने तिथेही पॉवर बँकेकडेच बोट दाखवले.

या घटनांनंतर अनेक देशांनी आणि विमान कंपन्यांनी नियम कडक केले. कुठे वरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवायला मनाई झाली, कुठे विमानात ती वापरायला. या नियमांच्या मुळाशी मात्र जुनाच एक आकडा आहे. सुटी बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंतची असेल तर हातातल्या बॅगेत नेता येते. १०० ते १६० पर्यंतची असेल तर विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते, आणि तशा दोनच नेता येतात. १६० च्या पुढची बॅटरी प्रवासी घेऊनच जाऊ शकत नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत वाद होतात ते बहुतेक वेळा हा आकडा म्हणजे काय, हे माहीत नसल्यामुळे.

वॅट-अवर म्हणजे बॅटरीत साठवलेली ऊर्जा. १०० वॅट-अवर म्हणजे सुमारे ८६ किलोकॅलरी. आहाराच्या हिशेबात मध्यम आकाराची एक चपाती, म्हणजे ऐकायला फारच किरकोळ. पण एक लिटर गार पाणी उकळीला आणायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. चपातीतली ऊर्जा शरीर तासन्‌तास वापरते, बिघडलेल्या बॅटरीतली मात्र काही मिनिटांत बाहेर पडते. शिवाय बॅटरीतला द्रव स्वतःच ज्वालाग्राही असतो, त्यामुळे प्रत्यक्षातली उष्णता या आकड्याहून जास्त भरते.

लॅपटॉपच्या बहुतेक बॅटऱ्यांवर हा आकडा ‘Wh’ या अक्षरांपुढे किंवा मागे छापलेला असतो. नसेल तर गुणाकार सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. अँपिअर-अवर मिलीमध्ये दिले असतील तर त्यांना आधी हजाराने भागायचे.

समजा, पुण्याहून दुबईला निघालेल्या एका अभियंत्याकडे तीन वस्तू आहेत. पहिली त्याचा लॅपटॉप. बॅटरी आतच बसवलेली असल्याने लेबल दिसत नाही. विंडोज असेल तर ही आज्ञा दिल्यावर एक अहवाल तयार होतो:

```
powercfg /batteryreport
```

त्यात DESIGN CAPACITY समोर 56,000 mWh लिहिलेले असेल, तर बॅटरी ५६ वॅट-अवरची. खालीच FULL CHARGE CAPACITY दिसते. वापरून जुनी झालेली बॅटरी आता किती ऊर्जा धरते, ते तिथे कळते. पण नियमासाठी मूळ क्षमताच धरतात. बॅटरी म्हातारी झाली म्हणून तिला सवलत मिळत नाही.

दुसरी वस्तू जुन्या लॅपटॉपची सुटी बॅटरी, लेबलवर ११.१ व्होल्ट आणि ५२०० मिलीअँपिअर-अवर. ११.१ गुणिले ५.२ म्हणजे ५७.७ वॅट-अवर. ही चालते. इथे अनेकजण लॅपटॉपमधले ५६ आणि हे ५७.७ मिळवतात आणि शंभर ओलांडले म्हणून घाबरतात. मर्यादा प्रत्येक बॅटरीची वेगळी असते, बेरजेची नाही. एकूण किती नग न्यायचे याचे बंधन मात्र कंपनी घालू शकते.

तिसरी वस्तू ३०,००० मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक. चार्ज करण्यासाठीच ती असल्याने नियमाच्या लेखी ती सुटी बॅटरीच. तिच्यावर ठळक अक्षरांत बाहेर येणारे ५ व्होल्ट लिहिलेले असतात, म्हणून लोक ३० ला ५ ने गुणून १५० काढतात. आतल्या सेलचे ३.७ व्होल्ट बारीक अक्षरांत असतात आणि हिशेब त्यांचाच धरायचा. उत्तर येते १११. म्हणजे परवानगी लागणार, आणि काही कंपन्या ती देतच नाहीत. २०,००० ची घेतली असती तर ७४ वर काम भागले असते.

शंभर या आकड्यात निसर्गाची कोणती सीमारेषा दडलेली नाही. ९९ ची बॅटरी निर्धोक आणि १०१ ची घातक, असे काही नसते. बाजार मात्र या रेषेला धरून चालतो. मोठ्या पडद्याच्या लॅपटॉपची बॅटरी ९७ किंवा ९९ वर थांबते ती याचमुळे. हा आकडा बिघाड झाला तर किती ऊर्जा सुटेल ते सांगतो. बिघाड होईल की नाही, ते सांगत नाही. ते बॅटरीच्या अवस्थेवर ठरते. फुगलेली, पडून चेपलेली, न वापरताही गरम होणारी किंवा गोडसर, रसायनासारखा वास येणारी बॅटरी ३० वॅट-अवरची असली तरी घरीच ठेवावी. सुट्या बॅटरीची धातूची टोके किल्ल्या-नाण्यांना टेकली तर तिथेच शॉर्ट सर्किट होते. टोकांवर चिकटपट्टी लावण्याचा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालण्याचा नियम त्यासाठी आहे.

सुटी बॅटरी पोटातल्या सामानात का नको, हा प्रश्न रास्त वाटतो. आग लोकांपासून दूर लागलेली बरी, असे कोणालाही वाटेल. पण एक सेल तापला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि ही साखळी तोडायला थंडावा लागतो. सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, माणूस पोहोचतो, ज्वाळा विझवून वर भरपूर पाणी ओततो. बर्फ टाकू नये किंवा वर पांघरूण घालू नये, कारण त्याने उष्णता आतच कोंडते.

नियम पाळूनही चूक घडते ती विमानाच्या दाराशी. वरचे कप्पे भरलेले असतात, कर्मचारी हातातली बॅग मागून घेऊन सामानकक्षात टाकायला पाठवतात आणि आतली पॉवर बँक तिच्यासोबत जाते. बॅग देण्याआधी ती काढून घेण्यासाठी मागे रांग खोळंबली तरी चालेल.

या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात. डोळे आणि घसा तेव्हाच चुरचुरतो, फुप्फुसांचा त्रास मात्र काही तासांनी वाढू शकतो. धूर छातीत गेला असेल आणि नंतर खोकला किंवा धाप लागली, तर रुग्णालयात जायला हवे. दमेकऱ्यांनी वाटच पाहू नये.

दम्याच्या किंवा सीओपीडीच्या काही रुग्णांसोबत ऑक्सिजन तयार करणारे छोटे यंत्र असते. त्याच्या सुट्या बॅटऱ्यांनाही हाच हिशेब लागू होतो आणि त्यांतल्या काही शंभरच्या आसपास असतात. लांबच्या प्रवासाला त्या दोन-तीन लागतात. त्यामुळे वॅट-अवरचा आकडा आणि डॉक्टरांचे पत्र विमान कंपनीकडे आधीच पाठवून लेखी उत्तर घ्यावे लागते. ते काउंटरवर ऐन वेळी मिळेल, या भरवशावर निघता येत नाही.