‘बहुतेक डॉक्टर’ म्हणजे नेमके किती? जाहिरातदाराला विचारा!



‘बहुतेक डॉक्टरांची पसंती’, ‘कोंडा १०० टक्क्यांपर्यंत कमी’ अशी वाक्ये रोज कानावर पडतात. त्यांतले खोटे पकडता येत नाही, कारण तपासून पाहावे असे त्यांत काही सांगितलेलेच नसते. ‘पर्यंत’ या शब्दात दहा टक्केही बसतात.

आकडा दिला म्हणजे दावा पक्का झाला, असेही नाही. ‘८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्य कोलगेटची शिफारस करतात’ अशी जाहिरात ब्रिटनमध्ये झळकली होती. वाचणाऱ्याला वाटले, उरलेल्या सगळ्या कंपन्यांच्या वाट्याला २० टक्केच आले. प्रत्यक्षात दंतवैद्यांना एकाहून अधिक नावे सांगण्याची मुभा होती आणि दुसऱ्या एका पेस्टचे नावही जवळजवळ तितक्याच जणांनी घेतले होते. २००७ साली तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने हा दावा दिशाभूल करणारा ठरवला. हिशेब करून पाहा : शंभर दंतवैद्यांनी प्रत्येकी तीन नावे सांगितली, तर चार कंपन्यांना एकाच वेळी ७५-७५ टक्के मिळू शकतात!

आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या ‘जगभरातील दंतवैद्यांची शिफारस’ या दाव्याचा पुरावा मागितला. कंपनीने पाहण्या सादर केल्या, पण त्या भारतातल्याच दंतवैद्यांच्या होत्या. प्राधिकरणाने जाहिरात बंद करायला सांगून दहा लाखांचा दंड ठोठावला.

मग नेमका दावा कसा असतो? नमुना म्हणून हे वाक्य पाहा : ‘मार्च २०२४ मध्ये आम्ही स्वखर्चाने महाराष्ट्रातील ४०० दंतवैद्यांना विचारले, की दातांना थंड-गरम झोंबत असेल तर कोणती एकच पेस्ट सुचवाल? २१० जणांनी आमचे नाव घेतले.’ कोणाला विचारले, किती जणांना, कधी, कुठे, कोणाच्या पैशाने आणि नेमका प्रश्न काय, हे सारे त्यात आले. तरी ते दंतवैद्य कसे निवडले, हे विचारायचे राहतेच. आणि ही केवळ मते आहेत. पेस्टचा गुण येतो का, याचा पुरावा वेगळाच द्यावा लागतो.

म्हणून आमचे आवाहन आहे : असा मोघम दावा दिसला की जाहिरातीचे किंवा वेष्टनाचे छायाचित्र घ्या. दाव्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वर्तमानपत्राचे वा वाहिनीचे नाव लिहून ठेवा. तळाशी बारीक अक्षरांत दिलेला खुलासाही वाचा. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो दाव्याच्याच भाषेत हवा. मराठी जाहिरातीखाली इंग्रजी खुलासा चालत नाही. मग कंपनीकडे पाहणीचा तपशील मागा. तो मिळाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.