दर उतरला, लोकसंख्याही उतरली का?

नववीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिकेतील एका प्रश्नाला शून्य गुण मिळाले होते. प्रश्नात भारताच्या जनगणनेचा पुढील तक्ता दिलेला होता आणि त्यावरून निष्कर्ष लिहावयाचा होता.

| वर्ष | लोकसंख्या (कोटी) | मागील दशकातील वाढ (टक्के) |
|---|---|---|
| १९८१ | ६८.३३ | – |
| १९९१ | ८४.६४ | २३.९ |
| २००१ | १०२.८७ | २१.५ |
| २०११ | १२१.०९ | १७.७ |

मुलीने लिहिले होते, ‘१९९१ नंतर लोकसंख्या कमी होत गेली.’ सायंकाळी पेढीवर तिने तक्रार केली, “आजोबा, आकडे तर उतरतेच आहेत ना?”

आजोबांनी तक्ता पाहिला आणि विचारले, “पहिल्या वर्षी एक लाख भांडवलावर वीस टक्के नफा झाला आणि पुढे दोन लाखांवर पंधरा टक्के झाला, तर जास्त रक्कम कोणत्या वर्षी आली?”

“दुसऱ्या. वीस हजारांऐवजी तीस हजार.”

“दर मात्र उतरला होता. आता लोकसंख्येची वजाबाकी कर.”

मुलीने प्रत्येक दशकाची भर काढली. १९८१ ते १९९१ या काळात १६.३१ कोटी आणि पुढील दशकात १८.२३ कोटींची भर पडली होती. दर घटूनही भर वाढली, कारण टक्केवारी ज्या संख्येवर काढली जाते ती मूळ संख्याच मोठी झाली होती. २००१ ते २०११ मध्ये दर बराच खाली आला, तेव्हा भर १८.२२ कोटी, म्हणजे आधीच्या दशकाहून किंचित कमी झाली. तरीही एकूण लोकसंख्या वाढलेलीच होती.

“मग लोकसंख्या घटते केव्हा?”

“दर शून्याच्या खाली गेला म्हणजे. पेढीला तोटा आला तरच भांडवल घटते, तसे.”

भारतात असे १९११ ते १९२१ या दशकात घडले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने असंख्य बळी घेतले आणि लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली.

मुलीच्या उत्तरात आणखी एक दोष होता. तिने घट ‘कुटुंबनियोजनामुळे’ झाली असे लिहिले होते. तक्त्यात जन्मदर नाही आणि मृत्युदरही नाही. त्यामुळे कारण त्यातून सिद्ध होत नाही. प्रश्नात ‘तक्त्याच्या आधारे’ असे शब्द असतील, तर उत्तरही स्तंभांत दिसते तेवढेच असावे. कारण विचारलेच असेल, तर ते पाठातील माहिती म्हणून स्वतंत्र वाक्यात द्यावे.

मुलीने उत्तर पुन्हा लिहिले: ‘१९९१ ते २०११ या काळात लोकसंख्या ८४.६४ कोटींवरून १२१.०९ कोटींपर्यंत वाढली. मात्र दशकवाढीचा दर २३.९ टक्क्यांवरून १७.७ टक्क्यांपर्यंत घटला.’

आजोबांनी ते वाचले आणि दोन्ही वाक्यांतील ‘कोटी’ व ‘टक्के’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.