शंभराचं तिकीट की 430 चा हप्ता?

सोलापुरात यंत्रमागावर आठवड्याचा पगार हातात आला की काही जण आधी लॉटरीच्या स्टॉलवर शंभर रुपये ठेवतात. राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे, म्हणजे सवय पिढ्यांची आहे. शंभराने काय होतंय, असं वाटतं. चला, हिशोब मांडू.

आठवड्याला 100, म्हणजे वर्षाला 5,200 आणि तीस वर्षांत 1,56,000 रुपये. समजा छोट्या बक्षिसांतून निम्मे परत आले, तरी 78,000 गेलेच.

आता तेच पैसे पोस्टाच्या आरडीत टाका, महिन्याला 430. पाच वर्षांत तुम्ही 25,800 भरता. 6.7 टक्के दराने हातात येतात साधारण 30,690. दर तोच राहिला आणि दर वेळी मिळालेली सगळी रक्कम पुन्हा गुंतवली, तर तीस वर्षांनी सुमारे 4 लाख 90 हजार. महागाईमुळे तेव्हा त्याची किंमत कमी असेल, पण शून्य नसेल.

खरी अडचण वेगळीच आहे. तिकीट आठवड्याला घेतो, हप्ता महिन्याला भरायचा असतो. मधल्या काळात पैसे उडतात. म्हणून पगाराच्या दिवशीच शंभराची नोट डब्यात टाका. हप्ता चुकला तर शंभरामागे महिना एक रुपया दंड लागतो, आणि चारपेक्षा जास्त चुकले तर खातं बंद पडतं.

माझं मत स्पष्ट आहे: तिकीट हा करमणुकीचा खर्च, भांडवल नव्हे. धंद्याचं पहिलं शिलाई मशीन डब्यातूनच येतं.